मीनाक्षीला इराचं पत्र: वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि आमंत्रण

मीनाक्षी जूनमध्ये चेन्नईहून पुण्याला आली. ती आणि इरा सातवीत एका बाकावर बसतात. गुरुवारी मीनाक्षीचा वाढदिवस होता. त्या दिवशी इराने तिला हे पत्र दिलं. आधी पूर्ण पत्र मोठ्याने वाचा. अडलात तरी थांबू नका.

१५ जानेवारी २०२६

प्रिय मीनाक्षी,

वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! आज तू बारा वर्षांची झालीस. सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता, तेव्हा तू लाजून खाली बघत होतीस. तू शेजारी बसायला लागल्यापासून मला अपूर्णांकांची भीती वाटत नाही.

परवा, शनिवारी, माझा वाढदिवस आहे. संध्याकाळी साडेपाच वाजता आमच्या घरी ये. आई माझं औक्षण करेल, आणि तुझंही करणार आहे. मग आपण दोघी मिळून केक कापू. केकमध्ये अंडं नाही, मी मुद्दाम सांगितलंय. बटाटेवडे आहेत आणि संक्रांतीच्या तिळाच्या वड्याही उरल्या आहेत.

मेट्रोने आयडियल कॉलनी स्टेशनला उतर. मी आणि बाबा जिन्याखाली उभे राहू. तुझ्या धाकट्या भावालाही आण. भेटवस्तू आणू नकोस. साडेआठला बाबा तुम्हाला घरी सोडतील.

नक्की ये. मी वाट बघते.

तुझी मैत्रीण,
इरा

आता पहिलं वाक्य. 'वाढ' आणि 'दिवस' मिळून 'वाढदिवस' होतो: आपण एका वर्षाने वाढलो, तो दिवस. 'शुभेच्छा' म्हणजे शुभ इच्छा. मराठीत त्या नेहमी अनेक असतात, म्हणून 'वाढदिवसाच्या' म्हणायचं. 'वाढदिवसाची शुभेच्छा' किंवा 'वाढदिवसाचे शुभेच्छा' असं कुणी म्हणत नाही. 'हार्दिक' म्हणजे मनापासून, आणि हा शब्द कधी बदलत नाही. आणखी एक जपा: 'जयंती' हा शब्द शिवाजी महाराजांसारख्या होऊन गेलेल्या थोर माणसांसाठी आहे. मैत्रिणीला चुकूनही 'जयंतीच्या शुभेच्छा' देऊ नका.

इरा मीनाक्षीला 'तू' म्हणते, म्हणून 'ये', 'उतर', 'आण'. बाईंना बोलवायचं असतं, तर तिने 'या', 'उतरा' असं लिहिलं असतं. 'तुम्हाला घरी सोडतील' इथे मात्र 'तुम्हाला' आदरासाठी नाही. मीनाक्षी आणि तिचा भाऊ असे दोघं आहेत, म्हणून ते आलं. 'मी वाट बघते' हे मुलगी म्हणते. मुलगा 'मी वाट बघतो' म्हणेल.

माझ्या मते या पत्रातला सगळ्यात सुंदर शब्द 'आपण' आहे. 'आम्ही केक कापू' असं लिहिलं असतं, तर केक इराच्या घरचे कापणार आणि मीनाक्षी नुसती बघत बसणार, असा अर्थ झाला असता. 'आपण'मध्ये ऐकणाराही येतो. हिंदीत दोन्हीकडे 'हम'च म्हणतात, म्हणून हिंदी बोलणारे इथे हमखास चुकतात. मीनाक्षीला हे लगेच कळलं, कारण तमिळमध्येही 'नाम' आणि 'नांगळ' असे दोन वेगळे शब्द आहेत. घर मात्र 'आमचं'च, कारण मीनाक्षी त्या घरात राहत नाही.

'साडेपाच' म्हणजे ५:३०. साडेतीन, साडेचार, साडेपाच असं पुढे म्हणत जा. पण १:३० ला 'दीड' आणि २:३० ला 'अडीच' म्हणतात.

औक्षण कसं करतात? ताम्हनात तेवतं निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी ठेवतात. ज्याचा वाढदिवस आहे त्याला पाटावर बसवतात. आई कपाळाला कुंकू लावते, डोक्यावर अक्षता टाकते, सुपारी आणि अंगठी त्याच्याभोवती ओवाळते, मग निरांजनाने ओवाळते. ज्योत चेहऱ्यासमोरून गोल फिरते तेव्हा डोळे आपोआप मिटतात. नंतर मोठ्यांना वाकून नमस्कार करायचा. आजी म्हणते, "खूप मोठी हो!" हा आशीर्वाद उंचीसाठी नाही. मुलीने आयुष्यात चांगलं नाव कमवावं, असं आजीला म्हणायचं असतं.

मीनाक्षीने दुसऱ्या दिवशी वहीच्या कागदावर उत्तर दिलं. तिने ते कुणालाही न विचारता लिहिलं:

प्रिय इरा,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मी आणि भाऊ नक्की येऊ. तुलाही वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! भेटवस्तू आणणार नाही, पण आईने केलेले मुरुक्कू आणते. ते तुमच्या चकलीसारखे असतात. काकूंना माझा नमस्कार सांग. उद्या आपण खूप मजा करू.

तुझी,
मीनाक्षी