हस्तलिखितांचे जतन आणि डिजिटायझेशन : शोधनिबंधांसाठी सुधारित आवाहन

आधीचे आवाहन रद्द समजावे. यापुढे हेच ग्राह्य. परिषद शुक्रवार, 22 आणि शनिवार, 23 जानेवारी 2027 रोजी पूर्णपणे ऑनलाइन होईल. नोंदणी शुल्क नाही.

विषय

कागद, ताडपत्र, भूर्जपत्र किंवा कापड यांवर हाताने लिहिलेला मजकूर म्हणजे येथे हस्तलिखित. शिलालेख, ताम्रपट आणि दुर्मीळ छापील ग्रंथ यांचा समावेश नाही. निबंध पुढीलपैकी एकाच विभागात पाठवावा.

(क) जतन : कीड, आर्द्रता, लोहयुक्त शाईमुळे कागदाची होणारी झीज, दुरुस्ती, साठवण.
(ख) प्रतिमा आणि नोंदी : स्कॅनिंग, रंगांची अचूकता, सूचीकरण, फाइलींची दीर्घकालीन साठवण.
(ग) वाचन : लिप्यंतर, पाठभेद, हस्ताक्षर वाचणाऱ्या संगणकप्रणाली.

निबंध दोन विभागांत बसतो असे वाटल्यास त्यातला मुख्य प्रश्न कोणता, ते पाहून विभाग ठरवावा. एखाद्या ग्रंथाच्या केवळ आशयाचे विवेचन, ते कितीही मोलाचे असले तरी, या परिषदेत घेता येणार नाही.

सारांश

आधी फक्त सारांश पाठवायचा आहे : मराठीत किंवा इंग्रजीत, जास्तीत जास्त 400 शब्द. शीर्षक आणि संदर्भसूची यांची गणना या 400 शब्दांत होत नाही, तळटीपांची होते. प्रश्न काय, कोणती हस्तलिखिते पाहिली, पद्धत कोणती आणि हाती काय आले, हे सारांशात असायलाच हवे. काम अपूर्ण असेल तर तसे स्पष्ट लिहावे. त्या कारणाने सारांश नाकारला जाणार नाही.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. मोडी लिपी 2014 पासून युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे मोडी उताऱ्यांनाही हाच नियम. सोबत देवनागरी लिप्यंतर द्यावे. जुन्या फाँटमधला मजकूर परीक्षकाच्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उमटतो आणि चांगल्या कामावर अन्याय होतो.

परीक्षकांना लेखकाचे नाव कळू नये, म्हणून नाव व संस्था फक्त ऑनलाइन अर्जात लिहावी. पीडीएफमध्ये, फाइलच्या नावात किंवा फाइलच्या गुणधर्मांत नको. एका व्यक्तीचे नाव, सहलेखक म्हणून धरूनही, दोनपेक्षा जास्त सारांशांवर नसावे. अन्यत्र प्रकाशित झालेला निबंध चालणार नाही. केवळ व्याख्यानात मांडलेले काम चालेल.

मुदती (भारतीय प्रमाणवेळ)

सारांश : सोमवार, 31 ऑगस्ट 2026, रात्री 11:59 पर्यंत. एक सप्टेंबर सुरू होताच अर्ज बंद होईल. अर्ज पोहोचल्याची वेळ धरली जाईल, पाठवल्याची नव्हे. तोपर्यंत सारांश कितीही वेळा बदलता येईल. शेवटची प्रत विचारात घेऊ.
निर्णय : बुधवार, 30 सप्टेंबर 2026 रोजी, निवड झालेल्या व न झालेल्या सर्वांना ईमेलने.
पूर्ण निबंध : सोमवार, 30 नोव्हेंबर 2026, रात्री 11:59 पर्यंत, 4,000 ते 6,000 शब्द, तळटीपा धरून, संदर्भसूची वगळून.

मुदतवाढ दिली जाणार नाही. पूर्ण निबंध वेळेत न आल्यास सादरीकरणाची जागा प्रतीक्षायादीतील लेखकाला मिळेल.