सोमवारची साप्ताहिक मीटिंग आता मंगळवारी, सकाळी 11:30 वाजता

नमस्कार मंडळी,

येत्या सोमवारी, 14 तारखेला, सार्वजनिक सुट्टी असल्याने आपली नेहमीची 10 वाजताची मीटिंग होणार नाही. ती मंगळवारी, 15 तारखेला, सकाळी 11:30 ते 12:15 या वेळेत घेऊ. लिंक तीच आहे. कॅलेंडरमध्ये बदल केलाय, तेवढं अ‍ॅक्सेप्ट करा. 10 वाजता सपोर्टची शिफ्ट बदलते आणि त्यांच्याशिवाय या वेळी बोलण्यात अर्थ नाही, म्हणून वेळ थोडी पुढे घेतली आहे.

अजेंडा:

1. नवीन बिलिंग स्क्रीनचं रिलीज. बहुतेक वेळ यालाच देऊ. गुरुवारी रिलीज करायचं की पुढच्या आठवड्यावर ढकलायचं, हे मीटिंगमध्येच ठरवायचं आहे. टेस्टिंग टीमने उरलेल्या बग्जची यादी आणावी, त्यातले कोणते रिलीज अडवतात ते खूण करून. काही बिघडलं तर जुन्या व्हर्जनवर कसं परत जायचं, हे बॅकएंडकडून ऐकायचं आहे. माझ्या मते हे स्पष्ट झाल्याशिवाय तारीख पक्की करू नये.
2. ग्राहकांच्या वारंवार येणाऱ्या तक्रारी (सपोर्ट, 10 मिनिटं)
3. पुढच्या महिन्यातल्या रजा

आपापले अपडेट शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शीटमध्ये भरा, म्हणजे सुट्टीत कोणाला लॅपटॉप उघडावा लागणार नाही. सोमवारी मेसेज टाकून कोणाकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. अगदीच तातडीचं असेल तर ऑन-कॉल नंबरवर फोन करा.

मंगळवारची वेळ कोणाला जमत नसेल तर उद्या दुपारपर्यंत इथेच सांगा.