क्रीडादिन: मुख्याध्यापिकाबाईंचं स्वागताचं भाषण

नमस्कार पालकहो, आजी-आजोबा, आणि माझ्या सगळ्या पोरापोरींनो, गुड मॉर्निंग! मागच्या रांगेतले, ऐकू येतंय ना? नसेल तर हात वर करा, माइक सकाळपासून जरा रुसलाय.

एवढ्या थंडीत सकाळी सातला तुम्ही आलात, दांडिया बाजार, मांडवी ओलांडून, कुणी तर पार मांजलपूरहून, त्याबद्दल खरंच थँक्यू. रविवारची झोप आणि शेव-उसळ दोन्ही सोडून येणं बडोदेकराला सोपं नाही, मला माहितीये.

मुलांनो, आपल्या गावात व्यायामाचं वेड जुनं आहे हं. जुम्मादादा व्यायाम मंदिर १८८० सालचं, तुमच्यातल्या कित्येकांचे आजोबा तिथे मल्लखांब करून आलेत. आणि १९४७ मध्ये इथेच बडोद्यात रणजी फायनलला समोर इंदूरची होळकर टीम होती, तीन विकेट पडल्या होत्या, तेव्हा विजय हजारे आणि गुल महंमद यांनी मिळून ५७७ रन काढले! पूर्ण डावात गुलचे ३१९, हजाऱ्यांचे २८८. (इंदूरचे जावई आले असतील तर सॉरी हं.) मला त्यात आवडतं ते हे की एकट्याने नाही झालं, समोर दुसरा टिकून होता म्हणून झालं.

म्हणून यंदा आम्ही खो-खो फायनल शेवटी नाही, सगळ्यात आधी ठेवलीये, सरांशी बरंच भांडून. बघताना पळणाऱ्याकडे सगळेच बघतात, तुम्ही जरा बसलेल्या आठ जणांकडे बघा. एकाआड एक उलट तोंडं करून बसलेले, टाचा उचललेल्या, पाठीवर थाप कधी पडेल याची वाट बघत. आणि हात लागायच्या आधीच "खो" ओरडलात तर फाउल, आठवी ब, तुम्हाला सांगतेय, प्रॅक्टिसला चार वेळा झालंय ते!

आता पालकांना एक प्रेमाची विनंती. चुन्याच्या रेघेच्या आत यायचं नाही. मोबाइल घेऊन फिनिशच्या दोरीपाशी उभं राहायचं नाही, पोरगं तुमच्याकडे बघतं आणि अडखळतं. अंपायरने दिलेला निकाल तो निकाल, कुणाला काय म्हणायचं असेल त्यांनी माझ्या केबिनमध्ये या, चहा मिळेल, निकाल बदलणार नाही. आणि पोत्यांच्या शर्यतीत शेवटी येणाऱ्यासाठीसुद्धा टाळ्या वाजवत राहा, तो रेघ ओलांडेपर्यंत पुढची रेस सुरू होणार नाही, स्टार्टर सरांना तसं सांगून ठेवलंय.

पाण्याचे जग झाडाखाली आहेत, फर्स्ट एड स्टेजच्या डाव्या बाजूला. पालकांची रस्सीखेच अकराला, आई विरुद्ध बाबा, चपला काढून या.

तर मी आजचा क्रीडामहोत्सव सुरू झाला असं जाहीर करते. बँडवाले तयार? निळं हाउस पुढे, चला, मार्च पास्ट सुरू!