परिशिष्ट 2 : गृहीतकांची नोंदवही – काजू प्रक्रिया केंद्र, वेंगुर्ले तालुका, हंगाम 2026

आराखड्याचा हिशोब : वाळलेली बी 20 टन (80 किलोच्या 250 गोणी), गर 5 टन, विक्री 37.5 लाख, बी खरेदी 28 लाख, प्रक्रिया खर्च 6 लाख, शिल्लक 3.5 लाख रुपये.

गृ-1. उतारा 25 टक्के, म्हणजे गोणीमागे 20 किलो गर.
आधार : मागच्या दोन हंगामांची गोदाम वही. वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 यांची कागदावरची टक्केवारी 30 च्या आसपास आहे. ती मुद्दाम धरलेली नाही, कारण गोणीत गावठी बी मिसळून येते. उतारा 23 वर आला तर 400 किलो गर, म्हणजे 3 लाख रुपये गेले. बाकी सगळी गृहीतके खरी ठरली तरी मग हाती जेमतेम 50 हजार उरतात. म्हणून तारखेवर न थांबता दर 50 गोणींमागे 1 किलो नमुना फोडून चांगला, डागी आणि पोचट गर वेगळा तोलायचा.
जबाबदारी : प्रतवारी प्रमुख. पहिला आढावा : 31 मार्च.

गृ-2. खरेदी दर 140 रुपये किलो, वजन वाळलेल्या बीचे, ओलावा 8 टक्के.
आधार : तालुक्यातल्या व्यापाऱ्यांचे फेब्रुवारीतले तोंडी दर, कच्चा आधार. खरी गळती वजनात होते. 14 टक्के ओलाव्याची 100 किलो बी वाळून साडेत्र्याण्णव किलो भरते. सगळी बी तशी घेतली तर 1.95 लाख जादा मोजावे लागतील. वळीव पडल्यावर झाडाखाली भिजलेली बी परत पाठवायची, ओळखीपाळखीत घ्यायची नाही. ती एका गोणीतून शेजारच्या गोणीला बुरशी लावते.
जबाबदारी : खरेदी प्रमुख. आढावा : 5 एप्रिल आणि 10 मे.

गृ-3. रोज 200 किलो, 100 दिवस, 1 एप्रिलपासून. लावणीचे तीन आठवडे निम्मीच हजेरी.
आधार : हजेरीपट. भाताच्या लावणीला बायका जाणारच, जादा रोज देऊनही थांबत नाहीत. त्यात 9 दिवस जातात, काम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपते.
जबाबदारी : पर्यवेक्षिका. आढावा : 15 जून.

गृ-4. पावसात वीज सलग सहा तासांहून जास्त जाणार नाही.
आधार : केंद्रातली ड्रायरची नोंद. हे गृहीतक सगळ्यांत कमकुवत. ड्रायर मध्येच थंड झाला की गर हवेतली ओल ओढतो, साल चिकटते आणि सोलताना पाकळी-कणी वाढते, म्हणजे गृ-5 चा दरही पडतो. एका दिवसाचा माल निघेल इतका लाकडावरचा ड्रायर 25 मेपर्यंत चालू स्थितीत हवा.
जबाबदारी : यंत्रचालक. आढावा : 25 मे.

गृ-5. सरासरी विक्री दर 750 रुपये किलो, निम्मा माल गणपतीआधी (14 सप्टेंबर).
आधार : दोन जुन्या ग्राहकांची तोंडी मागणी, लेखी ऑर्डर नाही.
जबाबदारी : खजिनदार. आढावा : 16 ऑगस्ट. तोवर लेखी ऑर्डर आली नाही तर आराखड्यातला दर 700 करायचा, त्यात 2.5 लाख कमी होतात, हे बँकेला आधीच कळवायचे.