चौदा आणे

मार्च संपत आला होता, तेव्हा प्रथमेशने इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकली : 'देवगड हापूस, थेट बागेतून. 10 एप्रिलला घरपोच.' फोटो गेल्या वर्षीचा होता आणि त्यातला आंबा झाडावरचा सगळ्यात मोठा. आठवडाभरात दीडशे डझनांचं बुकिंग झालं, पैसेही आगाऊ जमा झाले. वाशीचा दलाल कमिशन, हमाली, भाडं कापून जी पट्टी पाठवी ती मुकाट्याने खिशात घालणाऱ्या नानांनी मुलाच्या मोबाइलवरचा आकडा पाहिला आणि विचारलं, "आणि आंबो खय आसा?"

आंबा झाडावर होता. पण पहिल्या मोहोराला थ्रिप्सने झोडपलं होतं आणि मागच्या मोहोराचा आंबा जेमतेम बारा आण्यांवर आला होता. बागायतदार तयारी आण्यांतच मोजतात. खांदे देठाच्या वर आले, देठाशी खळगा पडला, गडद हिरवा रंग फिकटला की चौदा आणे. तेव्हा काढलेला आंबा आढीत नीट पिकतो. प्रथमेशला हे माहीत नव्हतं असं नाही. पण तारीख दिली होती.

"तारीख तू दिलंस. आंब्याक इचारलंस?" नाना म्हणाले आणि झेला घेऊन दुसऱ्या कलमाकडे गेले.

10 तारखेला पेट्या गेल्या. पुढच्या आठवड्यात फोटो येऊ लागले : सुरकुतलेली साल, आत पांढुरका, आंबट गर. पुण्याच्या एका काकूंनी लिहिलं, 'हा कर्नाटकचा माल आहे, आम्हाला कळतं.' त्याने उत्तरादाखल सातबारा पाठवला. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ती बातमीही पाठवली. काकूंना ना उतारा हवा होता ना मानांकन, त्यांना गोड आंबा हवा होता. बरेचसे पैसे परत करावे लागले.

मग तो दुसऱ्या टोकाला गेला. एप्रिलच्या शेवटी त्याने आंबा मुद्दाम झाडावर जास्त ठेवला, पार भरू दिला. फोटोसाठी प्रकाश चांगला म्हणून काढणी दुपारी, आणि काढलेला आंबा पॅकिंग होईपर्यंत उघड्या कातळावर. दिसायला असा माल की वाशीतही भाव खाल्ला असता. कापला की कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा, बेचव भाग. साका. बाहेरून डाग नाही, वास नाही. ग्राहकाने सुरी फिरवेपर्यंत कळायचं नाही. जास्त तयार झालेल्या आंब्यात तो अधिक निघतो, आणि तापलेल्या जमिनीची धग त्यात भरच घालते.

भाड्याचं गणित तर सुरुवातीपासूनच चुकलं होतं. त्याने आंब्याचं वजन धरलं, कुरिअरवाल्याने खोक्याचं माप धरलं. शिवाय खोक्याला भोकं पाडली नव्हती. बंद गाडीत दोन दिवस काढून मुंबईत पोचलेली एक पेटी उघडली तेव्हा खालचा थर देठाकडून काळा पडलेला. काहींनी मात्र हिरवा आंबा आल्या आल्या फ्रिजमध्ये ठेवला आणि पिकत नाही म्हणून भांडले. फ्रिजचं आपण सांगायला हवं होतं, हे त्याला तिसऱ्या भांडणानंतर सुचलं.

मे महिन्यात काढणी नानांनी ठरवली. पहाटे, देठासकट, चीक अंगावर ओघळू न देता, क्रेट थेट सावलीत. विक्री प्रथमेशने ठरवली. घरोघर कुरिअर बंद. पुण्यातल्या तीन सोसायट्यांच्या ऑर्डरी एकत्र करून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने माल पाठवायचा, सकाळी स्टॉपवर त्याचा मित्र उतरवून घेई. मोठं फळ सोसायट्यांना, मध्यम वाशीला, बारीक आणि डागी कॅनिंगला किलोवर. दलाल तुटला नाही. तुटायला नकोच होता, कारण एकदम तयार झालेला पन्नास पेट्या माल त्याच्याशिवाय एका दिवसात कोण उचलणार?

पाऊस लागल्यावर दोघे हिशोबाला बसले. परतावा, खोकी, भाडं वजा जाता ऑनलाइनचा फायदा वाशीच्या पट्टीहून थोडाच वर होता. नानांनी वही मिटली नाही. "फुडल्या वर्साचो मेसेज आताच लिही," ते म्हणाले.

प्रथमेशने टाइप केलं : 'तारीख आंबा तयार झाल्यावर कळवू. तोवर पैसे पाठवू नका. आंबा हिरवाच येईल. गवतात किंवा कागदात ठेवा, पिकल्याशिवाय फ्रिजमध्ये नको. साका निघाल्यास फोटो पाठवा, तेवढे आंबे पुढच्या खेपेत भरून देऊ.'

नानांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. "पयल्या पेटयेचो भाव लिही नको," ते म्हणाले. "तो वाशी उघडल्याबगर तुकाय म्हायत नाय नि माकाय."