आईच्या औषधांचा इतिहास: मार्च २०१४ ते जून २०२५

रुग्ण: स्त्री, वय ६८, वजन ६१ किलो. बीपी, मधुमेह, थायरॉइड कमी, गुडघ्यांची झीज.

डॉक्टर, ही यादी २३ चिठ्ठ्या, ९ मेडिकलची बिलं, २ डिस्चार्ज कार्डं आणि घरातल्या जुन्या स्ट्रिपवरून लावली आहे. औषधं कंपनीच्या नावाने न लिहिता आतल्या घटकाच्या नावाने लिहिली आहेत. नोंदीपुढे (चि) म्हणजे चिठ्ठी हातात आहे, (बि) म्हणजे फक्त बिल आहे, (आ) म्हणजे नुसती आठवण. (आ) नोंदींची तारीख महिना-दोन महिने मागेपुढे धरावी.

आधी हे बघावं

को-ट्रायमॉक्साझोल: नोव्हेंबर २०१९, तिसऱ्या दिवशी अंगभर पुरळ आणि तोंडात फोड. (चि) ही खरी अॅलर्जी.
रामिप्रिल: एका चिठ्ठीवर 'अॅलर्जी' लिहिलंय, पण झाला होता फक्त कोरडा खोकला. पुरळ किंवा ओठ-चेहऱ्यावर सूज कधीच नव्हती.
हायड्रोक्लोरोथायझाइड: सोडियम १२१ पर्यंत उतरलं, भरती करावं लागलं.

आज प्रत्यक्ष पोटात जाणारी औषधं

सकाळी ६ वाजता उपाशीपोटी थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम. नाश्त्यानंतर टेलमिसार्टन ४० मिग्रॅ आणि मेटफॉर्मिन ५००. दुपारी जेवणानंतर कॅल्शियम ५००. रात्री जेवणानंतर मेटफॉर्मिन ५०० आणि अटोर्व्हास्टॅटिन १०.
चिठ्ठीत नसलेली: पॅरासिटामॉल ६५०, आठवड्यातून दोन-तीनदा, रात्री इसबगोल एक चमचा.
चिठ्ठीत आहे पण घेत नाही: ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ. कारण खाली जुलै २०२४ मध्ये.

तारखांप्रमाणे

मार्च २०१४ (चि): बीपी १६४/९६. अॅम्लोडिपिन ५, रोज एक.
जून २०१५ (चि): घोट्यांना सूज. अॅम्लोडिपिन बंद, रामिप्रिल ५ सुरू.
सप्टेंबर २०१५ (चि): खोकला. रामिप्रिल बंद, टेलमिसार्टन ४०.
जुलै २०१७ (चि): एचबीएवनसी ७.९. मेटफॉर्मिन ५००, १-०-१.
मे २०१८ (चि): टीएसएच ११.२. थायरॉक्सिन ५०.
अटोर्व्हास्टॅटिन १०: २०१९ च्या सुरुवातीला. (आ)
मार्च २०२० ते जानेवारी २०२१: एकही चिठ्ठी नाही. बिलांवर तीच औषधं आहेत, पण गोळ्यांची संख्या कमी भरते. मेटफॉर्मिन बहुधा दिवसातून एकदाच घेतलं जात होतं.

ऑगस्ट २०२१ (चि, बि): गुडघेदुखीसाठी एसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी, १-०-१. चिठ्ठीत मुदत ५ दिवसांची. बिलं मात्र दहाच्या १० स्ट्रिपची, म्हणजे जवळजवळ ५० दिवस. ऑक्टोबरमध्ये क्रिएटिनिन ०.९ वरून १.५ झालं. गोळी थांबवल्यावर डिसेंबरमध्ये १.०. चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवला असता तर हा संबंध दिसलाच नसता.

सप्टेंबर २०२२ (चि): हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ वाढवलं. पाचव्या आठवड्यात गोंधळल्यासारखं वागणं, सोडियम १२१. भरती, औषध बंद. (डिस्चार्ज कार्ड)
फेब्रुवारी २०२३ (चि): टेलमिसार्टन ४० आणि अॅम्लोडिपिन ५ ची एकत्र गोळी. नाव वेगळं असल्याने जुनी टेलमिसार्टनही चालूच राहिली. पाच आठवडे रोज ८० मिग्रॅ. उठताना चक्कर, बीपी ९६/५८, घोट्यांची सूज परत. मार्चअखेर फक्त टेलमिसार्टन ४० ठेवलं.

ऑक्टोबर २०२३ (चि): कॅल्शियम ५००, सकाळी. आई ते थायरॉक्सिनबरोबरच गिळत होती.
जानेवारी २०२४ (चि): टीएसएच ९.८. थायरॉक्सिन ५० वरून ७५.
मार्च २०२४ (चि): ग्लिमेपिराइड १ सुरू.
मे २०२४ (आ): कॅल्शियम दुपारी हलवलं. डोस ७५ च राहिला.
जुलै २०२४: ग्लुकोमीटरवर ५८ आणि ५४, दोन्ही वेळा दुपारच्या जेवणाआधी, घाम आणि थरथर. डॉक्टरांनी फोनवर ग्लिमेपिराइड बंद करायला सांगितलं; कागद नाही. नोव्हेंबरच्या चिठ्ठीत जुनी यादी उतरवताना ते पुन्हा आलं.
जून २०२५ (रिपोर्ट): टीएसएच ०.३, क्रिएटिनिन १.०, सोडियम १३७, एचबीएवनसी ७.२.

आम्हाला विचारायचं आहे

टीएसएच ९.८ आला तेव्हा कॅल्शियममुळे थायरॉक्सिन नीट शोषलं जात नसावं, आणि ७५ चा डोस त्या आकड्यावरच ठरला. कॅल्शियम आता वेगळ्या वेळी असल्याने तोच डोस जास्त होतोय का? गेले दोन महिने छातीत धडधड आहे. नाडी सकाळी ९६ ते १०४. ठरेपर्यंत आम्ही स्वतःहून डोस बदललेला नाही.

मूळ चिठ्ठ्या तारखेच्या क्रमाने सोबतच्या फाइलमध्ये आहेत. तारीख नसलेल्या तीन शेवटच्या कप्प्यात आहेत. त्यांचा आधार वरच्या कुठल्याच नोंदीला घेतलेला नाही.