सराव प्रश्न : प्रतिक्षिप्त क्रिया व चेतासंस्था

इयत्ता दहावी · गुण 10 · वेळ 20 मिनिटे

प्र. 1. भाकरी उलटताना सुमनचे बोट तापलेल्या तव्याला लागले. हात झटकन मागे आला, ‘आई गं!’ मागाहून निघाले. खालील टप्पे योग्य क्रमाने लावा. (गुण 4)

(अ) प्रेरक चेतापेशी आवेग दंडाच्या स्नायूकडे नेते.
(आ) त्वचेतील ग्राही उष्णता टिपतात.
(इ) मेरुरज्जूतील सहयोगी चेतापेशी आवेग पुढे सोपवते.
(ई) दंडाचा स्नायू आकुंचन पावतो.
(उ) संवेदी चेतापेशी आवेग मेरुरज्जूकडे आणते.

(मेंदू यादीत नाही. छपाईची चूक समजू नका.)

प्र. 2. ‘आई गं!’ मागाहून का निघाले? (गुण 3)

प्र. 3. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली हातोडीने हलके ठोकतात आणि पाय उडतो. मांडीच्या स्नायूपर्यंतच्या या मार्गात प्र. 1 मधील कोणती चेतापेशी नसते? (गुण 2)

प्र. 4. चूक की बरोबर : एका चेतापेशीत आवेग अक्षतंतूकडून वृक्षिकेकडे जातो. (गुण 1)

उत्तरे

1. आ – उ – इ – अ – ई. बरेच जण ‘अ’ आणि ‘उ’ची अदलाबदल करतात. संवेदी आत आणते, प्रेरक बाहेर नेते.
2. हात मागे घेण्याचा आदेश मेरुरज्जूतूनच सुटतो. वेदनेची जाणीव मात्र आवेग वर मेंदूपर्यंत पोहोचल्यावर होते, म्हणून उद्गार उशिरा. ‘मेंदूला काही कळतच नाही’ असे लिहिल्यास गुण नाहीत.
3. सहयोगी चेतापेशी. संवेदी चेतापेशी मेरुरज्जूत थेट प्रेरक चेतापेशीलाच आवेग देते.
4. चूक. वृक्षिका – पेशीकाय – अक्षतंतू.